विष्ठा, गवत आणि कॅल्शियमची पावडर: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: «कुत्रं विष्ठा खातं म्हणजे त्याच्या अन्नात काहीतरी कमी आहे, एवढी साधी गोष्ट. त्याला स्वभाव म्हणून तुम्ही लोकांना बेफिकीर करताय. गवत खाऊन ते पोट साफ करतं, हे लहान मूलही सांगेल. आमच्या पिल्लाला कॅल्शियमची पावडर दिली आणि सवय सुटली. डॉक्टर नसताना असलं लिहू नये. आधी स्वतः कुत्रं पाळा, मग ज्ञान द्या.»

नमस्कार. कुत्री विष्ठा आणि गवत का खातात यावर मी लेख लिहिला होता आणि विष्ठा खाणं बहुतेकदा स्वभाव असतो असं त्यात म्हटलं होतं; वरची प्रतिक्रिया त्यावर आली. तिच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला लागलं ते तेच. मी कळत्या वयापासून कुत्र्यांसोबत राहिले आहे. अपचनाने झिजलेलं कुत्रं मी माझ्या हाताने वाढवलं आहे. तुम्हाला ते माहीत असण्याचं कारण नाही, पण माहीत नसताना समोरच्याने कधी कुत्रं पाळलंच नाही असं ठरवून टाकणं बरोबर नाही. माझ्या मुद्द्यावर बोला, कितीही कडक बोला. माझ्या घरात कोण राहतं हे तुम्ही मला सांगू नका.

एक गोष्ट तुमची मान्य आहे. कमतरतेमुळे कुत्रं विष्ठा खाऊच शकत नाही, असं नाही. थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, मुद्दाम वगळलेलं अन्न प्रयोगात कुत्र्यांना दिलं तेव्हा ती विष्ठा खाऊ लागली होती. पण त्या कुत्र्यांची अन्नावरची वासना उडाली होती आणि वजन घटत होतं. पोटभर जेवणाऱ्या, तुकतुकीत पिल्लाची गोष्ट ती नव्हे.

आता «अन्नात काहीतरी कमी आहे, एवढी साधी गोष्ट» याबद्दल. साधी नाही. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी कुत्रे पाळणाऱ्यांची मोठी पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण सहातलं एक कुत्रं विष्ठा वारंवार खाणारं निघालं. अशा कुत्र्यांचा आणि न खाणाऱ्यांचा आहार ताडून पाहिला, तर त्यात फरक सापडला नाही. फरक सापडला तो स्वभावात: ही कुत्री अन्नावर तुटून पडणारी होती, आणि जिथे एकाहून जास्त कुत्री होती अशा घरांत ती जास्त होती. बहुतेक जण ताजी, दोन दिवसांच्या आतली विष्ठाच खात. सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्या जवळजवळ कुणालाच लागू पडल्या नव्हत्या. मी «स्वभाव» म्हटलं ते या आधारावर, हवेतून काढलेलं नाही.

मग तुमच्या पिल्लाची सवय कशी सुटली? पिल्लं तोंडाने जग ओळखतात आणि बरीच पिल्लं मोठी होताना हे आपोआप सोडतात. त्याच दिवसांत पावडर चालू असेल तर श्रेय तिला मिळतं. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते, पण कॅल्शियम निरुपद्रवी नाही. लहान पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम मोठ्या कुत्र्यासारखं अडवू शकत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला तयार खाद्यावर वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची आणि सांध्यांची वाढ बिघडू शकते. पिल्लू मोठ्या जातीचं असेल आणि पावडर अजून चालू असेल, तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बेफिकीर करते म्हणालात. उलट, «काहीतरी कमी असेल» म्हणून पावडर देत राहण्यातच खरा आजार लपतो. माझ्याकडचा ब्रूनो, जर्मन शेफर्ड, दोन वर्षांचा असताना आधीच्या मालकाकडून आला. तिथे त्याला विष्ठा खातो म्हणून खनिजांची पावडर चालू होती. वजन २२ किलो. त्या उंचीच्या नराचं ३० च्या पुढे हवं. तो दुप्पट जेवत होता आणि तरी बरगड्या मोजता येत होत्या. दिवसातून अनेकदा शी व्हायची, ढीगभर, फिकट पिवळट, चकाकणारी, आणि वास असा की अंगणात थांबवत नसे. पोटातली गुडगुड दुसऱ्या खोलीत ऐकू यायची. आणि ती शी तो स्वतःच खायचा.

त्याच्या अन्नात काही कमी नव्हतं. ते पचत नव्हतं. स्वादुपिंड जी पाचक द्रव्यं बनवतं, ती बनवणाऱ्या पेशी झिजल्या होत्या. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार वारशाने येताना दिसतो, आणि ती क्षमता जवळजवळ नव्वद टक्के संपेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. मेद न पचता तसाच बाहेर पडतो. म्हणजे ब्रूनो अर्ध्या उपाशी पोटी, अजून अन्न शिल्लक असलेली विष्ठा खात होता. खनिजांची बरणी त्याला काय देणार होती?

हे कळतं एका रक्ततपासणीवरून. तिला टीएलआय म्हणतात. रात्रभर उपाशी ठेवून रक्त घ्यायचं, आकडा २.५ च्या खाली आला तर निदान पक्कं, आणि त्याच्या किंचित वर असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. ब्रूनोचा १.४ आला. बी१२ सुद्धा फार खाली होतं, आणि या आजारात ते नेहमी बघावं लागतं, कारण ते भरून काढल्याशिवाय कुत्रं नीट सुधारत नाही. उपचार म्हणजे स्वादुपिंडातल्या पाचक द्रव्यांची भुकटी, सुरुवातीला दर १० किलो वजनामागे साधारण एक चहाचा चमचा, प्रत्येक जेवणात कालवून, आयुष्यभर. शी काही दिवसांतच घट्ट झाली. वजन मात्र महिन्यांनी भरलं, ३० पर्यंत. भूक खरोखर भागू लागली तेव्हा विष्ठा खाणं सुटलं, आमच्या एका शब्दाशिवाय.

म्हणून मी लेखात तीन गोष्टी सोबत बघायला सांगितल्या होत्या: वजन, भूक आणि शीचं रूप. तिन्ही ठीक असतील तर शी लगेच उचलणं आणि फिरताना पट्टा हातात ठेवणं पुरतं. मोठ्या वयाच्या कुत्र्याने अचानक सुरू केलं असेल, किंवा भूक वाढून वजन घटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मधुमेहातही हेच दिसतं. स्टेरॉइडच्या किंवा फिट्ससाठीच्या फेनोबार्बिटलच्या गोळ्या चालू असतील तर भूक त्यांच्यामुळे वाढलेली असू शकते, तेही डॉक्टरांना सांगा. इतरांची विष्ठा खाणाऱ्याची शी जंतांसाठी तपासून घ्यावी.

गवताबद्दल थोडक्यात. २००८ मध्ये दीड हजारांहून जास्त मालकांनी दिलेल्या उत्तरांत गवत खाण्याआधी वारंवार आजारी वाटणारी कुत्री दहातल्या एकाहूनही कमी होती, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारी साधारण पाचातलं एक. म्हणजे बहुतेक कुत्री पोट साफ करायला गवत खात नाहीत. घाईघाईने ओरबाडून खाणं, वारंवार उलटी किंवा रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, आणि तणनाशक मारलेल्या गवतापासून लांब ठेवा.

आणि डॉक्टर नसताना लिहिण्याबद्दल: मी डोस सांगून कुणाला घरी उपचार करायला लावलेलं नाही. वरचा चमचा डॉक्टरांनी ब्रूनोला ठरवून दिला होता. टीएलआयची चिठ्ठीही त्यांनीच लिहिली. तुमच्या पावडरीची कुणी लिहून दिली होती, हे मात्र तुम्ही प्रतिक्रियेत सांगितलेलं नाही.