आयआरआर: १३.२० की १२.८३? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

"तुमचंच उदाहरण घेतलं. आज ५ लाख गुंतवणूक, मग चार वर्षं १, १.५, २ आणि २.५ लाख. १० आणि २० टक्के ट्रायल रेट धरून इंटरपोलेशन केलं तर १३.२० टक्के आलं, एक्सेल १२.८३ दाखवतं. चुकीचं उत्तर देणारी पद्धत शिकवून काय उपयोग?"

आकडेमोड तुमची बरोबर आहे हो, घोळ १० आणि २० मधल्या अंतरात आहे. १० टक्क्यांना एनपीव्ही +३५,८९२ येतो आणि २० ला −७६,१९६, आणि इंटरपोलेशन असं धरून चालतं की या दोन टोकांमध्ये एनपीव्ही सरळ रेषेत, म्हणजे टक्क्यामागे साधारण ११,२०० ने उतरतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. १० ते १२ मध्ये तो टक्क्यामागे जवळपास १२,९०० ने पडतो आणि १३ ते २० मध्ये सरासरी १०,६०० नेच, म्हणजे आधी जोरात घसरण आणि मग हळूहळू, त्यामुळे खरा वक्र तुमच्या रेषेच्या खाली राहतो आणि शून्याला तिच्याआधीच पोचतो. म्हणून तुमचं उत्तर जास्त आलं, आणि सुरुवातीला एकदाच पैसे गेले नि नंतर फक्त आले अशा प्रोजेक्टमध्ये, एक रेट प्लसचा आणि एक मायनसचा घेतलात तर ते नेहमी जास्तच येणार. ही चूक कुठल्या बाजूला आहे हे आधीच माहीत असतं, मला तर हे फार सोयीचं वाटतं.

आता रेट जवळ आणा. १२ ला +१०,१००, १३ ला −२,०९३. दोघांतलं अंतर १२,१९३, त्यातले १०,१०० म्हणजे ०.८३, झालं १२.८३.

पहिला रेट कुठून घ्यायचा? कॅशफ्लो कमीजास्त असले तरी सरासरी काढा, १.७५ लाख, ५ लाखाला त्याने भागा, २.८५७ येईल, अॅन्युइटी टेबलमध्ये चार वर्षांच्या ओळीत हा आकडा १५ टक्क्यांच्या अगदी जवळ सापडतो (सीएच्या क्लासमध्ये याला फेक पेबॅक म्हणतात). पण इथे मोठे पैसे शेवटी येतायत, म्हणून १५ च्या खालीच सुरू करायचं. मोठे पैसे आधी आले असते तर वर.

आणि एक्सेलला तरी थेट उत्तर कुठे माहीत असतं, `=IRR()` पण १० टक्क्यांचा अंदाज धरून ट्रायलच घेत बसतं आणि २० फेऱ्यांत जमलं नाही तर `#NUM!` देतं. −१ लाख, +२.३ लाख, −१.३२ लाख हे टाकून बघा, १० टक्के दाखवेल. मग अंदाज ०.२ द्या, २० दाखवेल. दोन्ही बरोबर आहेत, कारण पैशाची दिशा दोनदा बदलते, आणि अशा प्रोजेक्टला मी आयआरआर लावतच नाही, सरळ एनपीव्ही बघतो.