स्टेपनीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन स्टार): "इथून चार नवे टायर घेतले आणि समृद्धीवर मेहकरच्या पुढे डावीकडचा पुढचा टायर बाजूने कापला गेला. स्टेपनी काढली तर ती लहान, वर ८० च्या वेगाचं स्टिकर, आणि हवा फक्त १५. तशीच लावून शंभरने आलो तर गाडी डावीकडे ओढत होती, टायरचा दिवाही लागलेला. चाक यांनीच बदललं का? स्टेपनी तपासली का नाही? आता ती काढून टाकून पंक्चर किटच ठेवावं म्हणतो, नव्या गाड्यांत तेच येतं."

नमस्कार सर. तुम्ही सुखरूप पोचलात, हे सगळ्यात महत्त्वाचं.

चाक कुणीही बदललेलं नाही. तुमच्या गाडीचे चार टायर २१५/६० आर १७ मापाचे आहेत आणि कंपनीच स्टेपनी २०५/६५ आर १६ देते, तीही साध्या लोखंडी रिमवर. वरच्या मॉडेलला मोठे अलॉय द्यायचे आणि डिकीत खालच्या मॉडेलचं चाक ठेवायचं, ही पद्धत आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत आहे. खर्चही वाचतो, जागाही. गाडीच्या पुस्तकात चाकांच्या पानावर दोन्ही मापं छापलेली असतात, ती एकदा स्टेपनीच्या बाजूवरच्या मापाशी ताडून बघा.

गाडी ओढत का होती, ते याच मापांत आहे. मोठ्या टायरची उंची साधारण ६९० मिलिमीटर, स्टेपनीची ६७३. फरक फक्त १७ मिलिमीटरचा दिसतो, पण त्यामुळे लहान चाक दर किलोमीटरला अकरा-बारा फेरे जास्त मारतं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. म्हणजे इंजिनाची ओढ, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भार, सगळं पुढे. तिथे एक चाक लहान आणि अरुंद असलं की गाडी त्या बाजूला झुकते, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये, आतले दाते सतत एकमेकांवर फिरत राहतात. एरवी हे काम त्यांना वळणापुरतंच असतं. थोड्या अंतराने काही बिघडत नाही, शंभरच्या वेगाने तासन्‌तास नेलं तर तेल तापतं आणि झीज होते. दिवा लागला तो बरोबरच होता. स्टेपनीत हवेचा सेन्सर नसतो, आणि ज्या गाड्या चाकाच्या फेऱ्यांवरून हवा ओळखतात त्यांनाही जास्त फिरणारं चाक कमी हवेचंच वाटतं.

म्हणून पुढचा टायर गेला तर स्टेपनी मागे लावायची. आधी मागचं चांगलं चाक काढून तिथे स्टेपनी, मग ते काढलेलं चाक पुढे. जॅक दोनदा लावावा लागतो, वीसेक मिनिटं जास्त जातात. पण समृद्धीच्या कडेला हा उद्योग करू नका. तिथे गाड्या १२० ने जातात. कडेला स्टेपनी आहे तशी पुढे लावायची, सावकाश पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा इंटरचेंजच्या बाहेर यायचं आणि अदलाबदल तिथे करायची. उजवीकडचं, म्हणजे वाहत्या गाड्यांच्या बाजूचं चाक गेलं असेल तर मी सांगेन की पान्याला हातच लावू नका. रेलिंगच्या पलीकडे उभे राहा आणि हेल्पलाइनला फोन करा.

यात मला खरी काळजी वाटते ती १५ पीएसआयची. इतक्या कमी हवेवर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते आणि रबर सुटायला लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही. नंतर हवा पूर्ण भरली तरी आतलं नुकसान भरून येत नाही. ती स्टेपनी पुन्हा वापरण्याआधी रिमवरून उतरवून आत बघावं लागेल. आतल्या बाजूला गोल काळपट पट्टा आणि बोटाला लागणारी रबराची भुकटी सापडली तर तो टायर बाद समजा.

हवा कमी झाली कशी, याचं उत्तर साधं आहे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय जातेच, आणि स्टेपनी डिकीच्या फळीखाली असल्याने पंपावर तिच्यापर्यंत कुणी पोचत नाही. चार टायरच्या कामात सामान हलवून ती फळी आम्ही ग्राहकाला न विचारता उघडत नाही. यापुढे मात्र बिल करताना प्रत्येकाला विचारणार आहोत. तुम्ही गाडीवरच्या हवेच्या स्टिकरवर जो आकडा आहे त्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा, लावताना गेज बघून कमी करता येते. भरायला पंप जवळ असेलच असं नाही. टायरच्या मापाआधी 'टी' अक्षर असेल तर गोष्ट वेगळी. ती खरी कॉम्पॅक्ट स्टेपनी. तिला सहसा ६० पीएसआय लागते, आणि पंपावरचा मुलगा सवयीने ३३ भरून मोकळा होतो.

आता किट. ऑक्टोबर २०२० पासून नियमाने स्टेपनीशिवाय गाडी विकता येते हे खरं, पण त्या गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचे सेन्सर आणि किट तिन्ही असावे लागतात. किटमधलं द्रव्य टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातलं चार ते सहा मिलिमीटरचं भोक बुजवतं, म्हणजे खिळा किंवा स्क्रू. तुमच्या टायरला बाजूने दोन बोटांचा कट आहे. तिथे बाटलीभर द्रव्य ओतलं असतं तर ते सगळं रस्त्यावर आलं असतं आणि गाडी टोइंगवर चढली असती. खिळा असला तरी द्रव्य भरून थोडं अंतर जायचं, थांबून हवा मोजायची, ती भराभर उतरत असेल तर तिथेच थांबायचं. टिकली तर ८० च्या आत, साधारण २०० किलोमीटरच्या आत टायरवाला गाठायचा. त्या बाटलीला मुदतही असते, ती लेबलवर छापलेली असते. शहरात किट पुरतं. सातशे किलोमीटरच्या समृद्धीवर फक्त किटच्या भरवशावर जाऊ नका. स्टेपनी राहू द्या, सोबत हवा भरायचा छोटा पंप ठेवा.

तुमचं नागपूर-मुंबई जाणं नेहमीचं असेल तर पाचवं चाक पूर्ण मापाचं करून घेणं मला जास्त पटतं. तुमच्या जुन्या चार टायरपैकी एकाची नक्षी अजून चांगली आहे. तो १७ च्या लोखंडी रिमवर बसवला की टायरचा खर्च वाचतो. डिकीतला खड्डा मात्र आधी मोजावा लागेल. चाक १७ मिलिमीटर उंच आणि थोडं रुंद होईल, फळी वर राहिली तर सामान डुगडुगतं.

कापलेल्या टायरला बाजूने पॅच कुणी मारून देत असेल तर घेऊ नका, ती दुरुस्ती टिकत नाही. स्टेपनी उतरवून बघायचे पैसे आम्ही घेणार नाही. येताना डिकी रिकामी करून या आणि चोर-नट लावले असतील तर त्याची चावी आणा, तिच्याशिवाय चाक निघत नाही.