आडव्या पट्ट्यांचं स्केच अरुंद प्लॉटवर टिकत नाही

अरुंद प्लॉटवरच्या दुमजली घराच्या दर्शनी भागाची काही स्केचेस होती, त्यांवर एक मत असं आलं:

"तिसरं स्केच सर्वांत सरस, कारण लांब आडव्या खिडकीमुळे अरुंद घर रुंद दिसतं."

हे पटलं नाही. २० फुटी दर्शनी भागावर दोन मजले आणि पॅरापेट धरून उंची २४ फुटांपर्यंत जाते, म्हणजे घर मुळातच उभं आहे. त्यात १४ फुटांची खिडकी घातली की दोन्ही कडांना जेमतेम तीन-तीन फूट भिंत उरते आणि वरचा मजला पोकळ वाटतो. शिवाय आत दोन खोल्या असतील तर मधली भिंत थेट काचेवर येऊन आदळते!

दुसऱ्या स्केचमधल्या उभ्या खिडक्या मला जास्त आवडल्या. एक दरवाज्याच्या, दुसरी पार्किंगच्या मध्यरेषेवर आहे, त्यामुळे मध्ये सलग भिंत मिळते आणि नजर सरळ वर जाते.