एक ओव्हर महाग गेली, पण सामना तर जिंकलो ना?

फिक्सिंगचा विषय निघाला की ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, एक वाक्य हमखास कानावर येतं: "अरे, शेवटी टीम जिंकली ना? मग एका ओव्हरचं काय घेऊन बसलात?" बोलणारी माणसं क्रिकेट कळणारी असतात. काही जण मैदानात पोरांना शिकवणारेही असतात. म्हणून हे वाक्य सोडून देता येत नाही. मला ते मुळापासून चुकीचं वाटतं. का, ते नीट सांगायचं तर गोलंदाजानं पैसे घेऊन मुद्दाम महाग टाकलेल्या त्या एका ओव्हरमधून पैसा कसा निघतो ते आधी बघावं लागेल.

सट्ट्यात सगळा पैसा हारजितीवर लागत नाही. मोठा बाजार 'सेशन'चा असतो. ट्वेंटी-20 मध्ये पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती रन होतील, हे एक सेशन. समजा तीन ओव्हरमध्ये 22 रन झालेत आणि बुकी भाव देतोय 45-47. म्हणजे 47 किंवा जास्त होतील असं वाटणारा 'येस' म्हणतो आणि 45 सुद्धा होणार नाहीत असं वाटणारा 'नॉट' म्हणतो. बरोबर आलं तर लावले तेवढेच मिळतात, चुकलं तर तेवढेच जातात.

आता चौथी ओव्हर 14 रनची जाणार हे एकाच माणसाला आधी माहीत आहे. तो 47 वर पाच लाख 'येस' लावून ठेवतो. ओव्हर खरंच 14 ची जाते, धावसंख्या 36 होते आणि भाव उडी मारून 53-55 वर जातो. लगेच तो 53 वर पाच लाख 'नॉट' लावतो. सहा ओव्हर संपल्यावर रन 47 ते 52 च्या मध्ये आले तर दोन्ही पैजा त्याच्या, दहा लाख खिशात. रन त्याच्या वर गेले किंवा खाली राहिले तर एक पैज जिंकली, एक हरली, हिशेब शून्य. तोटा कुठल्याच बाजूला नाही. आणि हे एकाच ठिकाणी नाही, वेगवेगळ्या बुकींकडे, वेगवेगळ्या नावांनी करायचं. सामन्याचा निकाल या गणितात कुठेही येत नाही, कारण सातवी ओव्हर सुरू होण्याआधी काम झालेलं असतं. 'टीम जिंकली ना' हे वाक्य इथेच गळून पडतं. निकाल त्यांना नकोच होता.

या धंद्याला एक गोष्ट मात्र लागते: खूण. ओव्हर सुरू होण्याआधी पैसे लावायला वेळ हवा आणि 'आज, हीच ओव्हर' याची खात्री हवी. 2013 च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांचा दावा होता की कुणी पॅन्टमध्ये टॉवेल खोचायचा, कुणी मनगटाशी चाळा करायचा असं ठरलं होतं. त्यात एका गोलंदाजानं ठरलेले रन दिले, पण खूण द्यायला विसरला. बुकींना पैसे लावता आले नाहीत आणि त्यांनी आगाऊ दिलेली रक्कम परत मागितली, असंही पोलिसांचं म्हणणं होतं. 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं सगळ्या आरोपींना आरोपमुक्त केलं, कारण लावलेले गुन्हे पुराव्यावर टिकत नव्हते. बीसीसीआयनं बंदी मात्र स्वतःच्या चौकशीवरून आधीच घातली होती. फौजदारी कायदा आणि खेळाचे नियम यांच्यातलं हे अंतर पुढेही येणार आहे.

आता सोबत खेळणाऱ्यांचं बघू. माझ्या मते सगळ्यात जड पाप इथे आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. गोलंदाज खराब चेंडूची हमी देऊ शकतो, रनची नाही. आखूड, ऑफ स्टंपच्या बाहेर, मारायला सोपा असा चेंडू त्यानं टाकला आणि फलंदाजानं तो सरळ पॉइंटच्या हातात मारला, तर? डीप कव्हरवरचा पोरगा पंधरा पावलं धावत आला, कोपर सोलून घेत सूर मारला आणि चौकाराच्या दोन केल्या, तर? एरवी हा गोलंदाज धावत जाऊन त्याची पाठ थोपटेल. आज त्याच्या पोटात गोळा येतो, कारण 14 व्हायला दोन रन कमी पडतायत. आपल्याच क्षेत्ररक्षकाची मेहनत आपल्याला अडचण वाटायला लागते. पुढचा चेंडू तो आणखी वाईट टाकणार, म्हणजे त्या पोराच्या सोललेल्या कोपराची किंमत शून्य करणार. कप्तान क्षेत्ररचना कुठे चुकली ते शोधत बसतो. उरलेले दोन रन बायमध्ये गेले तर ऐकून घ्यायला यष्टिरक्षक. आणि ज्याला आज बाहेर बसवून या गोलंदाजाला घेतलं, तो बाकावरून हे सगळं बघत असतो.

2000 साली 19 मार्चला नागपूरला हॅन्सी क्रोनिएनं सोबत खेळणाऱ्यांनाच यात ओढलं. तो दक्षिण आफ्रिकेचा कप्तान होता. भारताविरुद्धच्या त्या एकदिवसीय सामन्यासाठी त्यानं हर्शेल गिब्जला 20 च्या आत बाद व्हायला आणि हेन्री विल्यम्सला दहा ओव्हरमध्ये 50 पेक्षा जास्त रन द्यायला सांगितलं. प्रत्येकी 15 हजार डॉलर. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्ज खेळायला लागला आणि 74 करून बसला. विल्यम्सचा खांदा दुसऱ्याच ओव्हरमध्ये दुखावला. दक्षिण आफ्रिका दहा रननी जिंकली. म्हणजे बेत सगळा फसला, टीमही जिंकली. तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली, क्रोनिएवर आजन्म. क्रोनिएनं निवडलेली माणसं बघा. दोघंही गोरे नव्हते, वर्णभेदातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाच्या संघात आपली जागा पक्की करू पाहणारे होते. त्यांनी कप्तानाला नाही म्हणायचं तरी कसं? पैशांपेक्षा मला ही गोष्ट जास्त सलते.

प्रेक्षकांचा प्रश्न कायद्याच्या अंगानं अवघड आहे. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात 2022 च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयानं खेळाडूंवरचा फसवणुकीचा खटला रद्द केला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम 420 लागायला कुणीतरी फसवून समोरच्याला पैसे द्यायला लावलेलं असावं लागायचं. प्रेक्षक तिकीट स्वतःहून काढतो, सामना प्रामाणिक होईल अशी त्याची समजूत असली तरी त्याला पैसे द्यायला कुणी भाग पाडलं असं म्हणता येत नाही, असा तो तर्क. हा अप्रामाणिकपणा आहे आणि बीसीसीआय त्यावर कारवाई करू शकते, हेही न्यायालयानं म्हटलं. कलमाच्या शब्दांपुरतं ते बरोबर असेल. पण प्रेक्षक तिकीट कशासाठी काढतो? पुढच्या चेंडूला काय होईल हे मैदानातल्या कुणालाच माहीत नाही, एवढ्यासाठीच.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तो आठवा. दक्षिण आफ्रिका पाठलाग करत होती आणि हरमनप्रीतनं चेंडू दिला शफाली वर्माच्या हातात. सलामीची फलंदाज, आधीच 87 करून आलेली, गोलंदाजी कधीतरीच करणारी. तिनं सुने लूस आणि मारिझान कॅपला काढलं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्या निर्णयावर आपण इतके खूश का झालो? कारण तो कप्तानाच्या मनातून आलेला आहे याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. जिथे फिक्सिंगचा वास लागलेला असतो तिथे नेमका असाच निर्णय पहिला संशयात सापडतो. झेल सुटला, कुणी सोडायला सांगितलं असेल? कधी नव्हे तो गोलंदाज आणला, का आणला? खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट, अनपेक्षित घडणं, तीच पुरावा वाटायला लागते. खेळाचं नुकसान म्हणतात ते हे.

लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीचं 2010 सालचं प्रकरण यासाठीच अभ्यासण्यासारखं आहे. पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर 18 वर्षांचा. त्यानं आणि आसिफनं मिळून ठरवलेले तीन नो-बॉल टाकले. तीन नो-बॉल म्हणजे तीन रन. पण ते नो-बॉल म्हणजे खेळाडूंच्या एजंटानं दाखवलेला नमुना होते: मी सांगेन त्या चेंडूला माझा खेळाडू रेषेच्या पुढे पाय टाकतो, तेव्हा पुढच्या कामाचे पैसे द्या. दीड लाख पौंड त्या खात्रीसाठी मोजले गेले, मोजणारा वेश बदललेला पत्रकार होता. त्याच डावात आमिरनं सहा बळी घेतले होते आणि इंग्लंडच्या ट्रॉट-ब्रॉडनं आठव्या विकेटसाठी 332 ची विक्रमी भागीदारी केली होती. आज ती कसोटी निघाली की दोन्हीची आठवण नो-बॉलच्या मागून येते. ट्रॉट आणि ब्रॉडचा यात काय दोष?

खेळाडूकडे माणूस येतो तेव्हा 'मॅच फिक्स कर' म्हणत येत नाही. तो बॅटचा प्रायोजक असतो, लीग काढणारा असतो, मित्राचा मित्र असतो. झिम्बाब्वेच्या ब्रेंडन टेलरनं 2022 मध्ये स्वतःच जाहीर केलं ते असं: 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस एका भारतीय व्यावसायिकानं प्रायोजकत्व आणि ट्वेंटी-20 लीगची चर्चा करायला म्हणून बोलावलं, येण्याचे 15 हजार डॉलर देऊ केले. झिम्बाब्वेच्या बोर्डाकडून सहा महिने पगार नव्हता. शेवटच्या रात्री दारू आणि कोकेन. सकाळी सहा जण खोलीत, हातात रात्रीचा व्हिडिओ. आता आमच्यासाठी सामने फिक्स कर. मानधन म्हणून यायचे होते तेच 15 हजार आता आगाऊ रक्कम झाले. त्यानं एकही सामना फिक्स केला नाही असं तो सांगतो, पण कळवायला चार महिने लावले. साडेतीन वर्षांची बंदी आली.

नियमात हा मुद्दा साफ आहे. प्रस्ताव नाकारणं पुरेसं नाही, विनाविलंब कळवावं लागतं. बांगलादेशच्या शाकिब अल हसननं काहीही फिक्स केलं नव्हतं, प्रस्ताव कळवले नाहीत म्हणून 2019 मध्ये दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. लोकांना हे कठोर वाटतं. मला नाही वाटत. एकानं गप्प राहून नाकारलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी त्याच ड्रेसिंग रूममधल्या कमी पगाराच्या पोराकडे जातो.

आमिरला तुरुंगवास झाला आणि पाच वर्षांची बंदी भोगून तो परत खेळला. ते योग्य होतं असं माझं मत आहे. 18 वर्षांचा मुलगा आणि त्याला वापरणारा त्याचा कप्तान सलमान बट यांना एका मापानं मोजू नये. वयानं, अनुभवानं, संघातल्या अधिकारानं जो मोठा, त्याची शिक्षा मोठी.

ठाणे-नवी मुंबईत टेनिस बॉलच्या स्पर्धा थेट यूट्यूबवर दिसतात आणि जिथे थेट प्रक्षेपण आहे तिथे सेशन लावता येतं. तिथे खेळणाऱ्या पोरांच्या बाजूला भ्रष्टाचारविरोधी अधिकारी बसलेला नसतो. म्हणून आयोजकांनी निदान इतकं करावं: सामना सुरू असताना खेळाडूंचे फोन एका पिशवीत जमा, डगआउटमध्ये बाहेरच्या माणसाला बंदी, आणि तक्रार घेणाऱ्या एका माणसाचा नंबर प्रत्येक संघाला लेखी. आणि पोरांनो, "उद्या पिच कसं आहे, कोण खेळतंय" एवढंच विचारून कुणी बूट घेऊन देत असेल, तर बूट परत करा, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी प्रशिक्षकांना पाठवा. तुम्ही नोंदणीकृत खेळाडू असाल तर असोसिएशनलाही. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, कारण चौकशीत पहिला प्रश्न 'कधी कळवलंस' हाच असतो.