हत्ती म्हण, हत्ती!

आज दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. शेजारी एक बाबा, मांडीवर दीड-दोन वर्षांचा मुलगा, हातात चित्रांचं पुस्तक. "हे काय? सांग. हत्ती. म्हण, हत्ती!" पोरगं गप्प. "घरी तर म्हणतोस!" शेवटी बाबानं पुस्तकच मिटून टाकलं. मला इतका राग आला ना! अहो, पोराचं बोट हत्तीवर नव्हतंच. खाली गवतात एक उंदीर होता, त्यावर होतं.

माझी लेक बावीस महिन्यांची असताना मीही हेच करायचे. तळ्याचं चित्र, मध्ये म्हैस. मी म्हशीबद्दल वाचत राहायचे आणि ती पान उलटायची. एके दिवशी तिनं कोपऱ्यातल्या बेडकावर बोट ठेवलं. मी वाचन थांबवून विचारलं, "हा काय करतोय?" आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजले. हे मोजणंच सगळ्यात अवघड असतं, आपली जीभ आधी वळवळते. चारवर असताना ती उकिडवी बसली आणि उडी मारली. शब्द नाही, पण उत्तर होतंच की ते! मीही उडी मारली. म्हटलं, "उडी! बेडूक उडी मारतो. डराँव!"

दुसऱ्या दिवशी त्याच पानावर ती म्हणाली, "उई." मी "उई नाही, उडी म्हण" असं केलं नाही. "हो, उडी! बेडकाची उडी," एवढंच. तिच्या एका शब्दाला माझा एखादाच शब्द जोडायचा, अख्खं वाक्य लादायचं नाही. आठवड्याभरात "बेदू उई" आलं. मग एकदा पावसात डबक्यापाशी बसून पुन्हा "उई!" पुस्तकातला शब्द रस्त्यावर आला.

असं मुलाला बोलतं करत वाचण्याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेत एवढ्याच वयाच्या मुलांच्या आयांना हे शिकवलं होतं. "हा हत्ती आहे ना?" असं विचारलं की मूल मान डोलावून मोकळं होतं. "हत्ती काय करतोय?" म्हटलं की त्याला काहीतरी शोधावं लागतं, शब्द नाही तर आवाज, नाही तर हातवारे.

मान्य, झोपताना नुसती गोष्ट ऐकायचीही मजा असते, तेव्हा प्रश्न नकोत. आणि दोन वर्षं झाली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या. पुस्तक हा त्यावरचा इलाज नाही.

आता लिहिता लिहिता राग उतरलाय. तो बाबा फोन बाजूला ठेवून पुस्तक घेऊन बसला होता, हेही खरंच. चारचौघांत पोरगं बोललं नाही म्हणून बिचारा ओशाळला असेल. मी जरा पुढे झुकून त्या पोराला विचारायला हवं होतं, "उंदीर कुठे चाललाय रे?" तेवढ्यात आमचा नंबर आला.