उत्तरपत्रिका रात्री अकरानंतरच तपासाव्यात

उत्तरपत्रिका नेहमी रात्री अकरानंतरच तपासायला घ्याव्यात. दिवसा डोकं ताजं असतं आणि ताज्या डोक्याला पोरांनी काय लिहिलंय ते वाचायची खोड असते. वाचत बसलात तर 46 पेपर संपायचे कधी?

पेपर एकेक घ्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासा आणि बाजूला टाका. काही चिकित्सक मंडळी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासतात. त्यामुळे म्हणे पहिल्या पानावरच्या सुरेख अक्षराची भुरळ चौथ्या प्रश्नाच्या गुणांपर्यंत पोचत नाही. पोचू नये कशी? वर्षभर अक्षर गिरवून घेतलं ते कशासाठी?

गणिताच्या पेपरात तर वाचायचंच नसतं. डावीकडे आदर्श उत्तरपत्रिका उघडी ठेवा, शेवटची ओळ जुळवा, बरोबरची खूण करा. उदाहरणार्थ हा तीन गुणांचा प्रश्न: ‘एक गाडी 60 किमी अंतर ताशी 30 किमी वेगाने गेली. जाऊन-येऊन सरासरी वेग ताशी 60 किमी व्हायचा असेल, तर परतीचा वेग किती असावा?’ उत्तर 90. कारण 30 आणि 90 यांची सरासरी 60. प्रश्न तुम्हीच काढलाय, त्यामुळे उत्तराबद्दल शंकेला जागाच नाही.

31 पेपरांत सगळं सुरळीत चालतं. 90, खूण. 90, खूण. मग बत्तिसावा पेपर येतो. अक्षर कोंबडीच्या पायांचं, सूत्र नाही, ‘दिले आहे’ नाही, ‘काढायचे आहे’ नाही. नुसत्या दोन ओळी: ‘जाऊन-येऊन 120 किमी, सरासरी 60 म्हणजे एकूण 2 तास. ते 2 तास गाडीने जातानाच खाल्ले. परत यायला वेळच उरला नाही, म्हणून हे जमणार नाही.’

अशा वेळी लगेच शून्य द्यावं आणि पान उलटावं. कच्चा कागद ओढायचा मोह टाळावा. तुम्ही तो टाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही मांडणार: परतीचा वेग 90 धरला तर 60 किमीला 40 मिनिटं. एकूण 2 तास 40 मिनिटं. 120 किमीला तेवढा वेळ, म्हणजे सरासरी 45. काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा मांडणार. पुन्हा 45. मग हट्टाला पेटून गाडीला ताशी 600 किमीने पळवणार. 6 मिनिटं लागली, सरासरी 57 च्या जरा वर. गाडीला पंख लावा, रॉकेट लावा, 60 काही येत नाही.

चूक कुठे आहे हे शोधायला जाऊ नका, ती फार जवळ सापडते. गाडी 30 आणि 90 या वेगांनी सारखाच *वेळ* धावली असती, तर सरासरी 60 आली असती. पण इथे *अंतर* सारखं आहे, आणि हळू गाडी त्याच अंतरात जास्त वेळ काढते, म्हणून सरासरी तिच्याच बाजूला झुकते. हे तुम्ही वर्गात शिकवलंय. फळ्यावर. बहुधा दिवसा.

आता प्रतिष्ठेचं काय? उपाय आहेत. एक गुण द्या आणि समासात ‘सूत्र लिहा’ असा शेरा मारा. शेरा नेहमी खरा असतो. किंवा प्रश्न रद्द करून सगळ्यांना तीन-तीन गुण वाटून टाका. म्हणजे ज्याने विचार केला त्याला, ज्यांनी नाही केला त्यांच्याइतकेच मिळतील, आणि कोणाचीच तक्रार येणार नाही. शिवाय प्रश्न छापखान्यात चुकला असं सांगता येतं. छापखाना पालकसभेला येत नाही.

फक्त एक पथ्य पाळा. तपासलेला गठ्ठा पुन्हा उघडू नका. आणखी कोणी असं लिहिलं होतं का, हे पाहायची उबळ येईल; उठून पाणी प्या, दिवा घालवा.

नाही ऐकलंत ना? मग काढा नववा पेपर. स्वच्छ, टपोरं अक्षर. याच प्रश्नाखाली आधी ‘एकूण वेळ 2 तास, जाण्याचा वेळ 2 तास, उरलेला वेळ 0’ असं लिहून, पट्टी लावून एका रेघेने नीट खोडलंय. खाली चौकटीत उत्तर: 90. शेजारी तुमची लाल खूण, अडीच गुण, आणि तुमच्याच अक्षरात अर्धा गुण कापल्याचं कारण: ‘खाडाखोड टाळावी.’