हायलाइट काढला म्हणजे स्टोरी गेली नाही

"इन्स्टावरचे जुने फोटो काढायचेत? १) हायलाइट डिलीट करा, आतल्या सगळ्या स्टोरी कायमच्या जातात. २) पोस्ट आर्काइव्ह करा, ३० दिवसांनी आपोआप डिलीट होते. ३) फॉलोअर्सना दिसणार नाही असं केलं की झालं, डिलीट केल्यासारखंच. सगळ्या मुलींना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या भाचीनं तो खरा मानला. दोन महिन्यांपूर्वी तिचा साखरपुडा मोडला. प्रोफाइलवर "साखरपुडा" नावाचा गोल होता, त्यात रंकाळ्यावरचे, घरातले मिळून चौदा स्टोरी. तिनं तो गोल काढून टाकला. तिसऱ्याच दिवशी त्या मुलानं त्यातलेच तीन फोटो तिला पाठवले, खाली लिहिलं, "हे अजून आहेत की." पोरगी रडत माझ्याकडे आली, "मावशी, मी तर सगळं काढलंय, याच्याकडं कसं?"

म्हणून पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलते, कारण घात तिथंच झाला. हायलाइट हा नुसता गोल आहे. चोवीस तासांनी स्टोरी प्रोफाइलवरून उतरते, पण सेटिंग बंद केलेलं नसेल तर ती तुमच्या आर्काइव्हमध्ये जाऊन बसते. हायलाइट त्या आर्काइव्हमधल्या स्टोरी लोकांना दाखवतो, एवढंच त्याचं काम. गोल काढला की लोकांना दिसायचं थांबतं. स्टोरी मात्र जिथं होती तिथंच राहते. उलट बाजूनं गेलात तर काम होतं: आर्काइव्हमधून स्टोरी डिलीट केली की ती हायलाइटमधूनही जाते.

मग त्या मुलाला आर्काइव्ह दिसलं कसं? तिचं अकाउंट त्याच्या फोनवर लॉगिन राहिलं होतं. साखरपुड्याचा रील टाकायला एकदा त्याचा फोन वापरला होता, तेव्हापासून. आर्काइव्ह फक्त अकाउंटच्या मालकाला दिसतं, आणि ज्या फोनवर लॉगिन आहे तो प्रत्येक फोन इन्स्टाग्रामच्या लेखी मालकच.

आम्ही त्या संध्याकाळी बसून केलं ते याच क्रमानं केलं. आधी `Accounts Center` मध्ये `Password and security`, तिथं `Where you're logged in`. तिच्या फोनशिवाय आणखी एक फोन दिसला, तो काढला, लगेच पासवर्ड बदलला. हे आधीच करायचं, नाहीतर तुम्ही डिलीट करताय हे समोरचा बघत बसतो. मग प्रोफाइल, वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेषा, `Archive`. वर `Stories archive` निवडून चौदाही स्टोरी एकेक उघडून डिलीट केल्या.

तरी काम संपलं नव्हतं. डिलीट केलेलं `Your activity` मधल्या `Recently deleted` मध्ये जातं. इन्स्टाग्रामच्या मदत पानावर हे सरळ लिहिलंय: तिथं ते ३० दिवसांपर्यंत राहतं आणि या काळात परत आणता येतं. आर्काइव्हमध्ये नसलेली स्टोरी मात्र तिथं २४ तासांपर्यंतच राहते. लगेच घालवायचं असेल तर त्या फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा `Delete` करायचं. आधी तुम्हीच आहात का याची खात्री करायला कोड मागितला जाऊ शकतो, म्हणून अकाउंटला जोडलेला नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, हे बघून घ्या.

दुसऱ्या मुद्द्यातले ३० दिवस कुठून आले ते इथं कळतं. ते `Recently deleted` चे आहेत, कुणीतरी उचलून आर्काइव्हला चिकटवले. आर्काइव्ह केलेली पोस्ट तुम्ही हात लावेपर्यंत तशीच राहते, लाइक आणि कमेंटसकट. पुन्हा दाखवली की जुन्या जागी येऊन बसते.

तिसरा मुद्दा. एखाद्या अकाउंटपासून स्टोरी लपवली तर त्या अकाउंटला ती दिसत नाही, हे खरं, आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. रोज टोमणे मारणाऱ्या काकूंसाठी एवढं पुरतं. पण लपवणं अकाउंटपुरतं असतं. प्रोफाइल सार्वजनिक असेल तर तोच माणूस दुसऱ्या अकाउंटवरून येऊन बघतो.

एक मान्य करावंच लागतं: डिलीट केलं म्हणजे जगातूनच गेलं, असंही नाही. मेटाच्या गोपनीयता धोरणात सर्व्हरवरून पुसायला ९० दिवसांपर्यंत आणि बॅकअपमधून जायला आणखी ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं आहे. कुणी आधीच स्क्रीनशॉट काढला असेल तर तो आपल्या कुठल्याच बटणानं जात नाही. त्या मुलाकडचे तीन फोटो असेच राहिले. त्यानं पाठवलेला मेसेज तारखेसकट दिसेल असा स्क्रीनशॉट काढून आम्ही जपून ठेवलाय. तो फोटो पसरवायची धमकी देऊ लागला तर cybercrime.gov.in वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करताना तोच दाखवायचा आहे.

ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या माझ्या जावेला मी फोन केला. तिनं तिथला काढला, पण तिनं तो पुढं अकरा जणींना पाठवलाय. त्यांच्यासाठी हे लिहिलं.